गाडी पसंत पडली आहे, मामांना काय विचारू?

*आम्ही इंदिरानगरला राहतो. जुन्या गाड्या बघता बघता एक स्विफ्ट मनात भरली. पेट्रोल, व्हीएक्सआय, मे २०१६ ची, एमएच-१५, पहिलेच मालक, ६८ हजार किलोमीटर. ३ लाख ९० हजार सांगतात. पाच हजार टोकन दिलंय, रविवारपर्यंत मुदत आहे. माझ्या मामांचं मालेगावला गॅरेज आहे. फोटो पाठव आणि विचार, असं यांचं म्हणणं. मला मात्र मामांना फुकट कामाला लावल्यासारखं वाटतं. शिवाय ते ‘घे’ म्हणाले आणि पुढे खर्च निघाला, तर आजोळी तोंड कसं दाखवू? न विचारता घेतली तरी ते दुखावतीलच. मेसेज तीनदा लिहिला आणि पुसला. सोबत गाडीचे फोटो जोडते आहे.*
*– एक वाचक, नाशिक*

पुसलेल्या तिन्ही मेसेजमध्ये “मामा, ही गाडी कशी वाटते?” हे वाक्य होतं का? असेल तर पुसलंत ते बरं झालं. या प्रश्नाला मेकॅनिककडे उत्तरच नसतं. फोटोत रंगाची चकाकी दिसते, सीटकव्हर दिसतं. पैसे खाणाऱ्या गोष्टी म्हणजे क्लच, टायमिंग चेन, हेड गॅस्केट, ठोकून सरळ केलेली चेसिस. यातलं काहीच फोटोत येत नाही. मग मामा एकतर “बरी वाटते, बघून घे” म्हणतात आणि तुम्ही होतात तिथेच राहता, किंवा जबाबदारी नको म्हणून “राहू दे” म्हणतात आणि चांगली गाडी हातची जाते. तुम्ही विचारल्याचा त्यांना त्रास होणार नाही. हातात काही न देता विचारलंत, तर मात्र अवघडल्यासारखं होईल.

‘घे की नको’ हा निर्णयही त्यांच्यावर टाकू नका. त्यांना तीनच गोष्टी विचारा. एक, गाडी सोडूनच द्यावी असं काही यात दिसतं का? दोन, घेतल्यावर पहिल्या वर्षात कशाकशाला हात घालावा लागेल आणि तुमच्या दराने साधारण किती? तीन, रॅम्पवर गेल्यावर नेमकं काय बघून घेऊ? अशा प्रश्नांना गॅरेजमधला माणूस चहा पिता पिता उत्तर देतो. नात्याची जी भीती तुम्हाला वाटते, तीही इथेच कमी होते, कारण निर्णय तुमचा आणि माहिती त्यांची, हे मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

टोकन दिल्याचं त्यांना लपवू नका. पाच हजार ही किमतीच्या दीड टक्क्याहूनही कमी रक्कम आहे आणि ती सोडायची तुमची तयारी आहे, हे त्यांना कळायला हवं. नाहीतर भाचीने पैसे अडकवलेत या विचाराने ते दोष सौम्य करून सांगतील.

आता तुमच्या फोटोंबद्दल. बहुतेक फोटो मेकॅनिकच्या कामाचे नाहीत, पण एक फार कामाचा आहे. पुढच्या डाव्या टायरच्या जवळून घेतलेल्या फोटोत लंबगोलात ३४१९ असे चार आकडे दिसतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर ऑगस्ट २०१९ मध्ये बनला. गाडी मे २०१६ ची, म्हणजे मूळ टायर सव्वातीन वर्षांनंतर कधीतरी बदलला. साध्या वापरात अशा गाडीचे टायर ४० ते ५० हजार किलोमीटर चालतात. चारही टायर तेव्हाच बदलले असतील, तर २०१९ च्या अखेरीस मीटर ४० हजारांच्या आसपास असायला हवा. मग त्यानंतरच्या सहा वर्षांत फक्त २८ हजारच कसे?

याला साधी कारणं असू शकतात. लॉकडाऊनमध्ये गाडी उभी राहिली असेल, घरात दुसरी गाडी आली असेल, किंवा कापला गेला म्हणून तेवढा एकच टायर बदलला असेल. पण मीटर मागे घेतलेला असणं हेही एक कारण आहे. म्हणून उरलेल्या तीन टायरचे आणि स्टेपनीचे आकडे टिपा. स्टेपनीवर २०१५ किंवा २०१६ सापडलं तर ती मूळची. मग मालकांकडे दोन सर्व्हिस बिलं मागा, एक २०१९ च्या सुमाराचं आणि एक अलीकडचं. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. आकडे चढत्या क्रमाने जुळले की हा प्रश्न मिटला. बिलं नसतील, तर गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद मालकांनाच काढून आणायला सांगा. या उत्तराला टाळाटाळ झाली तर ते मामांना जसंच्या तसं कळवा. मीटर खरा ठरला तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, त्यामुळे टायरचा खर्च धरूनच चाला.

मामांना खरोखर हवा असतो तो गार इंजिनचा आवाज. गाडी दाखवणारा माणूस बहुधा आधीच एक चक्कर मारून आणतो. त्यामागे वाईट हेतू असतोच असं नाही, पण इंजिन तापलं की पुष्कळ दोष झाकले जातात. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं. सेल्फ मारल्यावर पहिल्या दोन सेकंदांत टायमिंग चेन खडखडते का, हे तेव्हाच कळतं. व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेलं तेल निळसर धुराच्या एका झोताने बाहेर पडतं, तेही तेव्हाच. म्हणून मालकांना आदल्या रात्री सांगा: सकाळी सातला येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर आणि मग रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपवर हात ठेवा. कोमट लागला तर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

गार सुरुवात एकदाच मिळते, म्हणून तयारी आधी करा. दोन फोन आणि एक वीट लागेल. एक फोन सायलेन्सरच्या मागे चार-पाच फुटांवर विटेला टेकवून रेकॉर्डिंग चालू ठेवा. दुसरा घेऊन तुमच्या यजमानांना बॉनेट उघडून बेल्ट असलेल्या बाजूला उभं करा, इंजिनपासून हातभर अंतरावर, अजिबात न बोलता. सैल बाही किंवा ओढणी बेल्टजवळ नको. तुम्ही चालकाच्या जागी बसा. किल्ली ऑन करून पाच सेकंद थांबा आणि मीटरवरचे दिवे बघा. चेक इंजिन, तेल आणि बॅटरीचे दिवे या वेळी लागलेच पाहिजेत, आणि गाडीत एअरबॅग असतील तर त्यांचाही. सुरू झाल्यावर सगळे विझले पाहिजेत. सुरुवातीला चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर ती चांगली खूण नाही. कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

तीन-चार मिनिटं इंजिन चालू द्या, मग हळूच रेस करून सोडा. नाशिकच्या थंडीत सकाळी पांढरी वाफ निघतेच आणि थोड्या वेळात विरते. तिची काळजी नको. दाट पांढरा धूर थांबतच नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंटची पातळी खाली असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. रेस केल्यावर निळा धूर सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगांपर्यंत काम जाऊ शकतं. रंग ओळखता आला नाही तरी हरकत नाही, ते मामा ओळखतील. व्हिडिओ मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते दाबले जातात, आणि नेमकी चेनची बारीक खडखड ऐकू येईनाशी होते.

गाडी ठोकलेली आहे का, हे रंगावरून ठरवू नका. नऊ-दहा वर्षांत बंपर आणि दरवाजाला रंग लागणारच, त्याने काही बिघडत नाही. बघायचं ते आतलं पत्र्याचं हाड. बॉनेट उघडून बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागून त्यांचा रंग उडालेला असेल तर ते भाग कधीतरी उघडले आहेत. मग दोन्ही बाजूंच्या अ‍ॅप्रनचे, म्हणजे बॉनेटखाली इंजिनच्या दोन्ही कडांना असलेल्या आतल्या पत्र्याचे, फोटो काढा. कारखान्यातली स्पॉट वेल्डिंग म्हणजे सारख्या अंतरावरचे छोटे गोल खड्डे. ते एका बाजूला दिसतात आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, किंवा जोडावरच्या सीलंटमध्ये नख रुततं, तर तो फोटो मामांना सगळ्यात आधी पाठवा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्राही असाच बघा.

याच वेळी पुराचीही खात्री करून घ्या. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९, दोन्ही वेळा गोदावरीचं पाणी नाशिकमध्ये शिरलं होतं, आणि ही गाडी तेव्हा बहुधा इथेच होती. ती कुठे उभी असायची, तळघरात की रस्त्यावर, हे सहज बोलता बोलता विचारा. नंतर पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, त्यावर गाळाची रेघ किंवा कुबट वास राहतो. सीटच्या खालच्या पट्ट्यांवर गंज असेल आणि बाकी गाडी स्वच्छ असेल, तर तेही टिपा.

चालवून बघताना दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. पाथर्डी फाट्याकडून हायवेला लागल्यावर मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढतो आणि वेग त्या मानाने वाढत नाही, तर क्लच घसरतोय. दुसरी गोष्ट म्हणजे एसी लावून गाडी दहा मिनिटं उभी ठेवा आणि रेडिएटरचा पंखा लागतो-बंद होतो का ते ऐका. स्पीडब्रेकरवरचा खटखटाट ऐकू आला तर तोही मेसेजमध्ये लिहा, पण त्याने घाबरू नका. सस्पेन्शनमधल्या बुश आणि लिंक रॉडचं काम आटोक्यातलं असतं.

एवढं हातात आलं की मेसेज असा लिहिता येईल. वापराचे आणि बजेटचे आकडे तुमचे घाला.

> मामा, नमस्कार. जुनी गाडी घ्यायचं चाललंय, एक जवळजवळ ठरली आहे. घ्यायची की नाही ते आम्हीच ठरवू, पण तुमच्या नजरेखालून घालायची आहे.
>
> स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, मे २०१६, एमएच-१५, पहिले मालक, मीटर ६८ हजार. ३ लाख ९० सांगतात. पाच हजार टोकन दिलंय, रविवारपर्यंत मुदत. ते सोडावं लागलं तरी चालेल.
>
> आमचा वापर रोज इंदिरानगर ते सातपूर, महिन्यातून एकदा मालेगाव. चार वर्षं ठेवायची. सगळं धरून सव्वाचार लाखांच्या वर जायचं नाही.
>
> गार इंजिन सुरू करतानाचे दोन व्हिडिओ पाठवले आहेत: इंजिन आणि सायलेन्सर. अ‍ॅप्रन, डिकीचा पत्रा, पाची टायरचे आकडे आणि दोन सर्व्हिस बिलं यांचे फोटोही आहेत.
>
> मला खटकलं ते: पुढचा टायर २०१९ चा आहे आणि मीटर त्या मानाने कमी वाटतो. क्लच बराच वर सुटतो. स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे खट्ट आवाज येतो.
>
> तीन गोष्टी सांगाल का? १) गाडी सोडून द्यावी असं काही दिसतं का? २) पहिल्या वर्षात काय काम निघेल, साधारण किती? ३) रॅम्पवर घेतल्यावर काय बघायला सांगू?
>
> लगेच नको, शनिवारपर्यंत सवडीने. जमत नसेल तरी मोकळेपणाने सांगा. यायचं म्हणालात तर येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी आम्ही देणार, त्यात नाही म्हणायचं नाही.

यातला ‘खटकलं ते’ हा भाग गाळू नका. फक्त चांगलं लिहिलं की समोरच्याला वाटतं, हिला होकारच हवा आहे. बजेटची ओळही तितकीच महत्त्वाची आहे. त्यामुळे मामा गाडीची किंमत आणि दुरुस्ती वेगळी न धरता एकत्र तोलतात.

कागदपत्रांचा भार मात्र मामांवर घालू नका, ते काम तुमचं. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवे मालक, विमा आणि पीयूसी दिसतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. थकलेली ई-चलनं मालकांनी भरलेली असावीत. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात.

मामांना मालेगावहून बोलवावं का? साधारण शंभर किलोमीटर येणं, तेवढंच जाणं आणि गॅरेजचा एक दिवस, असा हा हिशेब आहे. शिवाय मालकांच्या सोसायटीच्या आवारात त्यांना गाडीखाली नीट बघताही येणार नाही. म्हणून शुक्रवारी किंवा शनिवारी इथल्याच एखाद्या गॅरेजमध्ये, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, पैसे देऊन गाडी रॅम्पवर घ्या आणि त्या वेळी मामांना फोनवर ठेवा. दोन मेकॅनिक एकमेकांशी जे चार वाक्यांत बोलतात, ते तुमच्यामार्फत पोचवायला चाळीस लागतील. तिथे स्कॅनर लावायलाही सांगा. बिघाडाचे कोड आहेत का एवढंच विचारू नका, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तेही विचारा. आकडा दहा-बारा आला, तर परवाच कुणीतरी ते पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. सगळ्या स्कॅनरवर हा आकडा दिसत नाही, पण दिसला तर तो पुष्कळ सांगून जातो. हे करूनही मामांचं मन मानलं नाही, तर ते आपणहून निघतील.

त्यांचं उत्तर आल्यावर काय करायचं? समजा ते म्हणाले, इंजिन बरं आहे, पण क्लच लवकरच जाईल, चारही टायर बदल आणि पुढच्या लोअर आर्मचे बुश गेलेत. हिशेब दाखवण्यापुरते आकडे धरू: टायर १८ हजार, क्लच ९ हजार, बुश ५ हजार, एकूण ३२ हजार. हे सगळे पैसे किमतीतून कापून मागू नका. इतक्या जुन्या गाडीत थोडी झीज मालकांनी किमतीत धरलेलीच असते. ३ लाख ६० पासून बोलणी सुरू करून ३ लाख ७० ला जमलं, तर दुरुस्ती धरून ४ लाख २ हजार होतात आणि सव्वाचार लाखांतले २३ हजार विमा, नाव बदलणं आणि पहिल्या सर्व्हिसला उरतात. मालक ३ लाख ८५ च्या खाली येईनात, तर हातात फक्त आठ हजार राहतात. मग गाडी चांगली असूनही तुमच्यासाठी ती महाग आहे. बोलणी करताना टायर आणि क्लच यांच्याबद्दल बोला, “आमचे मामा म्हणाले” असं मालकांना सांगू नका.

“नको” असं उत्तर आलं, तर एवढंच विचारा: कशामुळे? चेसिसला मार, पुराचं पाणी, हेड गॅस्केट किंवा न जुळणारा मीटर, यातलं काही असेल तर टोकन सोडा. झिजलेल्या भागांमुळे नको म्हणत असतील, तर तो प्रश्न पुन्हा किमतीचाच आहे आणि वरचा हिशेब करून बघता येतो.

काही बिघाड कुणालाच आधी दिसत नाहीत. एसीचा कॉम्प्रेसर किंवा पॉवर स्टिअरिंगची मोटर आज ठणठणीत असते आणि दोन महिन्यांनी बसते. हे गाडी घेण्याआधी घरातही बोलून ठेवा, म्हणजे तसं काही झालंच, तर पहिला फोन मालेगावला तक्रारीचा जाणार नाही.

रविवारी व्यवहार होवो वा मोडो, त्याच संध्याकाळी मामांना कळवा. रॅम्पवर बुशचं काय निघालं, क्लचबद्दल इथला मेकॅनिक काय म्हणाला आणि गाडी घेतली असेल तर कितीला, हे तिन्ही लिहा. व्हिडिओतल्या आवाजावरून त्यांनी जो अंदाज बांधला होता, तो बरोबर होता की नाही हे त्यांना एरवी कळणारच नाही.